ईसीएल तरतूद आणि बुडीत येण्याचा राइट-ऑफ: येणी सांभाळणाऱ्या नव्या माणसासाठी पायऱ्यांनुसार मार्गदर्शक

येण्यांचं खातं पहिल्यांदा हाती आलं की वर्षअखेरीला दोन कामं एकदमच समोर येतात. साहेब म्हणतात, “ईसीएलची तरतूद काढा,” म्हणजे येण्यांवर अपेक्षित असलेल्या तोट्याची. त्याच यादीत एखादा ग्राहक असा असतो की त्याच्याकडून आता काही येणार नाही हे सगळ्यांना कळलेलं असतं, आणि विक्री विभाग म्हणतो, “हे एकदाचं राइट-ऑफ करून टाका.” दोन्ही गोष्टी बुडणाऱ्या पैशाच्याच, म्हणून नवीन माणूस दोन्हींची नोंद खर्चात टाकतो. बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात.

हा लेख आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकाच्या चौकटीत लिहिला आहे, आणि तोही फक्त व्यापारी येण्यांपुरता: माल किंवा सेवा उधारीवर दिली, बिल काढलं, ठरलेल्या मुदतीत पैसे यायचे आहेत, एवढंच. बँकांची कर्जं आणि गुंतवणुकीचे रोखे यांचे नियम वेगळ्या वळणाचे आहेत, त्यात इथे शिरत नाही. एकच उदाहरण घेऊन ते तरतुदीपासून राइट-ऑफपर्यंत आणि त्यानंतर अवचित आलेल्या वसुलीपर्यंत नेतो. रकमा गोल ठेवल्या आहेत. तुमच्या चलनात त्या तशाच वाचा.

## १. आधी दोन्हींतला फरक पक्का करा

ईसीएल तरतूद हा अंदाज असतो. ताळेबंदाच्या तारखेला जी येणी उभी आहेत, त्यांतली किती रक्कम शेवटी येणार नाही, याचा तो हिशेब. कोणता ग्राहक बुडवणार हे तेव्हा ठाऊक असायलाच हवं असं नाही. शंभर ग्राहकांपैकी दोघे-तिघे बुडवतात हा अनुभव असेल, तर ते कोण हे कळायच्या आधीच तोटा मोजायचा. ग्राहकांच्या खात्यांना यात हात लागत नाही. त्यांच्या नावावरची बाकी पूर्ण राहते आणि तरतूद वेगळ्या खात्यात जमा बाजूला बसते. ताळेबंदात येण्यांतून ती वजा करून निव्वळ रक्कम दाखवतात.

राइट-ऑफ ही खातं साफ करण्याची नोंद आहे. मानकाची कसोटी अशी: ती रक्कम, पूर्ण किंवा तिचा एखादा भाग, वसूल होण्याची वाजवी अपेक्षा उरली नसेल, तर तेवढी रक्कम ढोबळ येण्यांतूनच काढून टाकायची. इथे ग्राहक ठरलेला, बिलं ठरलेली, रक्कमही ठरलेली.

म्हणून एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या: तोटा नफा-तोटा पत्रकात येतो तो तरतूद करताना. राइट-ऑफच्या दिवशी, तरतूद पुरेशी असेल तर, नफ्यात काहीही बदल होत नाही.

जुन्या पद्धतीत वाढलेल्या सहकाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो, त्याला कारण आहे. आयएएस ३९ या आधीच्या मानकात तोटा मोजायला आधी काहीतरी घडलेलं असावं लागे. ग्राहक अडचणीत आल्याचा पुरावा दिसला की मगच नोंद. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ ने ती अट काढून टाकली. आता मुदत संपायची असलेल्या, अगदी स्वच्छ दिसणाऱ्या बिलावरही थोडी तरतूद लागते. बुडण्याची शक्यता कितीही कमी असली तरी ती हिशेबात धरायची असते. “हा ग्राहक चांगला आहे, याच्यावर शून्य” हे उत्तर ऑडिटर सहसा मान्य करत नाही.

## २. कागद गोळा करा

कामाला बसण्याआधी एवढं हाताशी असू द्या:

- ताळेबंदाच्या तारखेची बिलनिहाय एजिंग यादी, म्हणजे कोणतं बिल किती दिवस थकलं याची यादी, देय तारखेपासून मोजलेली
- मागच्या किमान एका पूर्ण, शक्यतो दोन-तीन वर्षांच्या विक्रीची बिलनिहाय वसुली: कोणत्या बिलाचे पैसे कधी आले
- त्या काळातल्या क्रेडिट नोट्स, प्रत्येकीच्या कारणासह
- आधी राइट-ऑफ केलेल्या बिलांची यादी
- वादातल्या, न्यायालयात किंवा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असलेल्या ग्राहकांची पत्रं
- ताळेबंदानंतर आजपर्यंत आलेल्या पैशांची यादी

एजिंगबद्दल दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली म्हणजे सॉफ्टवेअर वय बिलाच्या तारखेपासून मोजतं की देय तारखेपासून. साठ दिवसांची मुदत दिलेलं बिल पन्नासाव्या दिवशी थकीत नसतं, पण बिलाच्या तारखेवर चालणारी यादी त्याला दुसऱ्या गटात टाकते. दुसरी, बिलाला न जोडलेल्या जमा रकमा. ग्राहकाने पैसे भरलेत, खात्यावर ते जमाही झालेत, पण कोणत्या बिलापोटी हे कुणी लावलेलंच नाही. मग यादीत जुनी बिलं उभी दिसतात आणि शेजारी एक मोठी उणे रक्कम. अशा यादीवर टक्केवारी लावली तर तरतूद उगाच फुगते. आधी त्या रकमा बिलांना लावून घ्या, मगच हिशेबाला बसा.

## ३. तोट्याचे दर स्वतःच्या इतिहासातून काढा

मोठी मुदत नसलेल्या व्यापारी येण्यांसाठी मानक सोपी पद्धत देतं. ग्राहकाची पत पहिल्या दिवसापासून किती घसरली याचा माग ठेवायचा नाही, थेट बिलाच्या संपूर्ण आयुष्यातला अपेक्षित तोटा धरायचा. त्यासाठी तरतुदीचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, वापरता येतो: थकण्याच्या कालावधीनुसार गट आणि प्रत्येक गटाला एक दर.

हे दर कुठून आणायचे? बऱ्याच ठिकाणी कुणीतरी कधीतरी १, ५, १०, ५० टक्के असे आकडे लिहून ठेवलेले असतात आणि तेच वर्षानुवर्षं चालतात. ते कुठून आले हे विचारलं तर उत्तर नसतं. दर काढणं मात्र तितकं अवघड नाही. एका पूर्ण झालेल्या वर्षाची उधारीची विक्री घ्या आणि तिचा प्रवास पाहा.

समजा त्या वर्षी उधारीची विक्री २,००,००,००० होती. त्यातले देय तारखेला न आलेले ७५,००,०००. देय तारखेनंतर ३० दिवसांनीही उभे असलेले ३०,००,०००. ६० दिवसांनी १२,००,०००. ९० दिवसांनी ५,००,०००. आणि शेवटपर्यंत कधीच न आलेले १,५०,०००.

आता हा शेवटचा तोटा प्रत्येक टप्प्यावर उभ्या असलेल्या रकमेने भागा. मुदत न संपलेल्या बिलांसाठी १,५०,००० भागिले २,००,००,०००, म्हणजे ०.७५ टक्के. जी बिलं देय तारीख ओलांडून गेली, त्यांच्यासाठी तोच तोटा भागिले ७५,००,०००, म्हणजे २ टक्के. तीस दिवस ओलांडलेल्यांसाठी ५ टक्के, साठ ओलांडलेल्यांसाठी १२.५ टक्के, नव्वद ओलांडलेल्यांसाठी ३० टक्के. वरची रक्कम तीच राहते, खालची घटत जाते, म्हणून दर चढतो. जुन्या बिलावर जास्त दर का, याचं उत्तर तुमच्याच आकड्यांतून निघालं. कुणाच्या मनावर ते सोडलं नाही.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही मोठे आहेत.

पहिला क्रेडिट नोटांचा. माल खराब निघाला, दर चुकला, सूट द्यायची ठरली होती आणि बिलात धरली नव्हती, म्हणून बिलाची रक्कम कमी केली. हे पैसे ग्राहकाच्या ऐपतीमुळे बुडालेले नाहीत. ती विक्रीतली वजावट आहे आणि तिचा हिशेब महसुलाच्या नियमांनी होतो. ती ईसीएलच्या तोट्यात मिसळली तर दर फुगतो, विक्रीही तेवढीच फुगलेली राहते. वरच्या १,५०,००० मध्ये फक्त तीच रक्कम धरा जी ग्राहकाने देणं लागत असूनही दिली नाही.

दुसरा सापळा राइट-ऑफशी जोडलेला आहे, आणि म्हणून या लेखात त्याला जागा द्यायलाच हवी. राइट-ऑफ केलेली बिलं येण्यांच्या यादीतून जातात. तुम्ही आजच्या यादीवरून इतिहास मोजायला बसलात तर ज्या बिलांवर तोटा झाला तीच नेमकी दिसत नाहीत, आणि दर खोटा कमी येतो. म्हणून वरच्या कागदांत राइट-ऑफची यादी मागितली आहे. तिच्यातलं प्रत्येक बिल ज्या वर्षाच्या विक्रीतलं आहे त्या वर्षाच्या तोट्यात परत धरा.

ग्राहकांचे प्रकार अगदी वेगळे असतील, उदाहरणार्थ घाऊक विक्रेते आणि एकेकटे ग्राहक, किंवा हमी असलेली येणी आणि नसलेली, तर प्रत्येकाचा तक्ता वेगळा करा. पण गट इतके बारीक करू नका की एखाद्या गटात पाच-सहाच ग्राहक उरतील. मग एकाच्या बुडण्याने दर कुठल्या कुठे जातो.

## ४. पुढचं धरा, पण दाखवता येईल एवढंच

इतिहास झाला. मानकाला याच्या जोडीला आजची परिस्थिती आणि पुढचा अंदाज हवा असतो, तोही एकाच शक्यतेवर न बसता निरनिराळ्या शक्यतांना वजन देऊन.

आपल्या उदाहरणात दोन शक्यता धरू. धंदा मागच्यासारखाच राहील, तोटाही तितकाच, याला ६० टक्के वजन. ग्राहक ज्या क्षेत्रात आहेत तिथली मागणी घटेल आणि तोटा दीडपट होईल, याला ४० टक्के. मग गुणक निघतो ०.६ × १ + ०.४ × १.५ = १.२. सगळे दर १.२ ने गुणले की ०.९, २.४, ६, १५ आणि ३६ टक्के मिळतात.

हा ४० टक्के कुठून आला आणि दीडपट का, याची अर्ध्या पानाची टीप तिथल्या तिथे लिहून ठेवा. मागच्या मंदीच्या वर्षी तुमचाच तोटा किती पट झाला होता, हा माझ्या मते सर्वांत भक्कम आधार. नुसतं “बाजार अनिश्चित आहे म्हणून २० टक्के वाढवले” असं लिहिलं तर पुढच्या वर्षी तुम्हालाच ते समजावून सांगता येणार नाही. आणि नफा जास्त दिसतोय म्हणून गुणक वाढवायचा, कमी पडतोय म्हणून घटवायचा, हे तर करूच नका. मानकाला निःपक्ष अंदाज हवा आहे. जास्तीची तरतूद करून ठेवणं हीदेखील चूकच आहे.

## ५. नाव घेऊन ओळखता येणारा ग्राहक बाजूला काढा

वर्षअखेरीला आपली येणी ५०,००,००० आहेत. नव्वद दिवसांपलीकडच्या गटात ३,००,००० आहेत, पण त्यातले १,८०,००० एकट्या ग्राहक क चे. त्याच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आहे, दावा दाखल केला आहे, निकाल यायचा आहे.

याला ३६ टक्के लावणं बरोबर नाही. गटाचा दर सारख्या स्वभावाच्या बिलांसाठी असतो आणि हा आता त्यांच्यासारखा राहिलेला नाही. त्याला तक्त्यातून काढा आणि वेगळा मोजा. समजा दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या प्रशासकाच्या पत्रावरून दोन शक्यता दिसतात: निम्मी शक्यता की काहीच मिळणार नाही, निम्मी शक्यता की ७२,००० मिळतील. अपेक्षित वसुली ३६,०००, म्हणून तरतूद १,४४,०००.

बाजूला काढला म्हणजे गटातून पूर्ण काढा. त्याची बाकी गटातही राहिली आणि स्वतंत्र तरतूदही झाली, तर एकाच येण्यावर दोनदा तोटा बसतो. तक्त्याची बेरीज अधिक स्वतंत्र ग्राहकांची बेरीज बरोबर एकूण येणी, ही जुळणी पानाच्या तळाशी कायम ठेवा.

| गट | येणी | दर | तरतूद |
|---|---|---|---|
| मुदत न संपलेली | ३०,००,००० | ०.९% | २७,००० |
| १ ते ३० दिवस थकीत | १०,००,००० | २.४% | २४,००० |
| ३१ ते ६० दिवस | ५,००,००० | ६% | ३०,००० |
| ६१ ते ९० दिवस | २,००,००० | १५% | ३०,००० |
| ९० दिवसांहून जास्त, क सोडून | १,२०,००० | ३६% | ४३,२०० |
| ग्राहक क, स्वतंत्र | १,८०,००० | – | १,४४,००० |
| एकूण | ५०,००,००० | | २,९८,२०० |

इथे बरेच जण विचारतात की एवढं सगळं माहीत आहे तर क ला आत्ताच राइट-ऑफ का करू नये. कारण वसुलीची वाजवी अपेक्षा अजून आहे. निम्म्या शक्यतेने ७२,००० मिळू शकतात. तोटा दिसतोय म्हणून तो तरतुदीत घेतला. येणं अजून जिवंत आहे म्हणून ते खात्यावर ठेवलं. एकाच ग्राहकाबाबत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तरतुदीचं खातं वेगळं ठेवण्याचा उपयोग इथेच दिसतो.

## ६. तरतुदीची नोंद फरकाने करा

वर्षाच्या सुरुवातीला तरतुदीच्या खात्यात १,६०,००० होते आणि वर्षात काहीही राइट-ऑफ झालं नाही, असं धरू. आता लागतात २,९८,२००. नोंद फरकाची:

येण्यांवरील ईसीएल तोटा खाते नावे १,३८,२००
ईसीएल तरतूद खाते जमा १,३८,२००

पूर्ण २,९८,२०० खर्चात टाकणं ही नव्या माणसाकडून हमखास होणारी चूक. ओळखायची खूण सोपी आहे: नोंदीनंतर तरतूद खात्याची शिल्लक तक्त्याच्या बेरजेशी जुळली पाहिजे. न जुळल्यास नोंद चुकली. फरक उलटा निघाला, म्हणजे तरतूद जास्त झाली असेल, तर तोटा खात्याला जमा बाजूला नोंद येते; तेही त्याच ओळीत दाखवायचं, इतर उत्पन्नात नाही.

## ७. राइट-ऑफची वेळ ठरवा

पुढच्या वर्षाच्या मध्यावर क चा निकाल लागतो. हाती येतात ३०,०००. प्रशासक लेखी कळवतो की आता वाटायला काहीही उरलेलं नाही. आता वाजवी अपेक्षा संपली.

वेळ कधी आली हे ठरवायला दिवसांचा आकडा एकटा पुरत नाही. नव्वद दिवस थकलं की कर्जदाराने कसूर केली असं मानक गृहीत धरतं, आणि सबळ कारण दाखवून ते गृहीतक बाजूलाही ठेवता येतं. पण कसूर झाली म्हणजे येणं मेलं असं होत नाही. कसुरीमुळे तरतूद वाढते, राइट-ऑफची कसोटी वेगळी आहे. म्हणून आपल्या संस्थेचं राइट-ऑफ धोरण लिहिलेलं असावं. दिवाळखोरीत अंतिम वाटप झालं, न्यायालयाचा हुकूम मिळूनही जप्त करण्याजोगं काही सापडलं नाही, दाव्याची कायदेशीर मुदत संपली, किंवा वसुलीचा खर्च रकमेपेक्षा जास्त होतो, अशा खुणा त्यात हव्यात. हे धोरण काय आहे हे आर्थिक पत्रकांच्या टिपांतही सांगावं लागतं.

प्रस्तावाच्या कागदावर ग्राहक, बिलांचे क्रमांक, रक्कम, वसुलीसाठी काय काय केलं, पुरावा आणि मंजुरी देणाऱ्याची सही असू द्या. मंजुरी देणारा हा वसुली करणारा किंवा पैसे स्वीकारणारा माणूस असता कामा नये. याबाबत मी अजिबात ढील देत नाही. आलेले पैसे खिशात घालून ग्राहकाची बाकी राइट-ऑफने गायब करणं हा जुना मार्ग आहे, आणि सही वेगळ्या माणसाची असली की तो बराचसा बंद होतो.

## ८. राइट-ऑफची नोंद तरतुदीतून करा

आधी आलेले पैसे: बँक नावे ३०,०००, ग्राहक क जमा ३०,०००. मग उरलेले:

ईसीएल तरतूद खाते नावे १,५०,०००
ग्राहक क जमा १,५०,०००

परिणाम पाहा. बाकीची येणी तशीच आहेत असं धरून, राइट-ऑफच्या आधी ढोबळ येणी ४९,७०,०००, तरतूद २,९८,२००, निव्वळ ४६,७१,८००. राइट-ऑफनंतर ढोबळ ४८,२०,०००, तरतूद १,४८,२००, निव्वळ पुन्हा ४६,७१,८००. दोन्ही बाजूंनी १,५०,००० गेले. नफ्यावर परिणाम शून्य.

पण क साठी तरतूद तर १,४४,००० होती, आणि गेले १,५०,०००. हे जास्तीचे ६,००० कुठे? ते बाकीच्यांच्या तरतुदीतून गेले. बाकीच्यांना १,५४,२०० लागतात आणि खात्यात उरले १,४८,२००. पुढच्या मोजणीत ही तूट आपोआप खर्चात येते. हवं तर राइट-ऑफच्या आधीच क ची तरतूद ६,००० ने वाढवून घ्या. शेवटी आकडा तोच.

आता ती नेहमीची चूक. कुणीतरी राइट-ऑफ थेट खर्चात टाकतो: बुडीत येणी खाते नावे १,५०,०००, ग्राहक क जमा १,५०,०००. तरतूद तशीच २,९८,२००. आता एकच तोटा दोनदा खर्चात गेला, मागच्या वर्षी तरतुदीत आणि या वर्षी थेट.

या चुकीची गंमत कळली की ती शोधणं सोपं जातं. समजा वर्षअखेरीला तक्त्यानुसार १,७०,००० ची तरतूद लागते. बरोबर नोंद केली असेल तर खात्यात १,४८,२०० आहेत, खर्चात जातात २१,८००. चुकीची नोंद केली असेल तर खात्यात २,९८,२०० आहेत, म्हणून १,२८,२०० परत येतात. १,५०,००० मधून ते वजा केले की निव्वळ खर्च पुन्हा २१,८००. म्हणजे वर्षअखेरीला तरतूद नीट मोजली तर वार्षिक नफ्यात ही चूक दिसतच नाही. ती दिसते मधल्या महिन्यांत, कारण राइट-ऑफच्या महिन्याचा नफा विनाकारण दीड लाखाने खाली येतो. आणि ती दिसते तरतुदीच्या हालचालींच्या टिपेत, जिथे “वापरलेली तरतूद” शून्य असते आणि “परत घेतलेली तरतूद” मोठी. ज्या खात्यात वर्षभर राइट-ऑफ झाले आणि तरतूद वापरलेली रक्कम शून्य आहे, तिथे हीच गडबड असते. वर्षअखेरीला तरतूद पुन्हा मोजलीच नाही, तर मात्र दुहेरी खर्च तसाच राहून जातो.

कराबाबत एकच इशारा. कित्येक देशांच्या कायद्यात सर्वसाधारण तरतुदीला वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष राइट-ऑफ झाल्यावर मिळते. त्यामुळे पुस्तकातला खर्च एका वर्षी आणि करातला दुसऱ्या वर्षी येतो, आणि मधल्या काळात स्थगित कराचा हिशेब लागतो. तुमच्या देशाचा नियम करसल्लागाराला विचारा आणि राइट-ऑफची तारीख त्याला वेळेत कळवा.

## ९. राइट-ऑफनंतरची नोंदवही ठेवा

राइट-ऑफने कायदेशीर हक्क संपत नाही. ग्राहक अजून देणं लागतोच, तुम्ही फक्त त्याची अपेक्षा सोडलेली असते. खातेवहीतून नाव गेलं की मात्र माणसं पाठपुरावा विसरतात. म्हणून खातेवहीबाहेर साधी नोंदवही ठेवा: ग्राहक, बिलं, रक्कम, तारीख, वसुली अजून चालू आहे का. ज्या राइट-ऑफ रकमांची वसुली अजून चालू आहे, त्यांची या वर्षातली रक्कम टिपांत द्यावी लागते. ती इथूनच मिळते. पायरी ३ मधला इतिहासही इथूनच येतो.

आपल्या उदाहरणात काही महिन्यांनी क च्या जामीनदाराकडून अचानक २०,००० येतात. नोंद:

बँक नावे २०,०००
येण्यांवरील ईसीएल तोटा खाते, राइट-ऑफनंतरची वसुली, जमा २०,०००

क चं खातं पुन्हा उघडून त्यात पैसे जमा करू नका. तिथे बाकीच नाही, म्हणून खातं उणे होईल आणि पुढच्या एजिंगमध्ये “न जोडलेली रक्कम” म्हणून सतावत राहील. विक्रीतही टाकू नका. ही विक्री पूर्वीच मोजलेली आहे.

वर्षअखेरीची हालचाल मग अशी मांडा. सुरुवातीची तरतूद २,९८,२००. वापरलेली १,५०,०००. वर्षाचा खर्च २१,८००. अखेरची १,७०,०००. वसुलीचे २०,००० या खात्यात येत नाहीत. ते तोट्याच्या ओळीतून वजा होतात आणि नफा-तोटा पत्रकात निव्वळ १,८०० दिसतात. ऑडिटर पहिल्यांदा हाच ताळा मागतो: वापरलेले १,५०,००० मंजूर राइट-ऑफ प्रस्तावांच्या बेरजेशी जुळतात का, आणि अखेरचे १,७०,००० तक्त्याशी जुळतात का. दोन्ही जुळले की पुढचे प्रश्न गुणकावर येतात, आणि त्यासाठी पायरी ४ मधली अर्ध्या पानाची टीप फायलीत लावलेली असू द्या.